लेहचे दहा दिवस आणि दहा टक्क्यांचा भ्रम

लडाखमध्ये पोस्टिंग असली की नातेवाइकांची संख्या वाढते. माझी तिथली दोन वर्षे सुरू झाली आणि शाळेतल्या बाकावरचे मित्र, बायकोच्या मावशीचे जावई, सगळ्यांना एकदम पॅंगाँग पाहायची ओढ लागली. तक्रार नाही, घरापासून दूर असताना मराठी बोलायला माणूस मिळतो, आणि येताना तो चितळ्यांची बाकरवडी आणतो. पण या निमित्ताने माझ्याकडे लोकांचे प्रवासखर्चाचे हिशेब तपासायला येऊ लागले. ते वाचून माझे एक मत पक्के झाले आहे, ते आज मांडतो. सरासरी काढून केलेले बजेट आणि त्यावर सरसकट लावलेले दहा टक्के, या दोन्ही गोष्टी कागदावर शोभतात, रस्त्यावर उपयोगी पडत नाहीत.

उदाहरण म्हणून माझ्या धाकट्या चुलतभावाचा हिशेब घेतो. त्याची परवानगी आहे. चौघे जण साताऱ्याहून येणार होते: तो, त्याची बायको, बारा वर्षांचा मुलगा आणि माझी काकू, वय सदुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. महिना जून, दिवस दहा. त्याने मला पाठवलेला हिशेब तीन ओळींचा होता. विमानाची चौघांची जाऊन-येऊन तिकिटे 84,000. बाकी खर्च रोजचे साडेबारा हजार धरून सव्वा लाख. त्यावर दहा टक्के, म्हणजे साडेबारा हजार, ‘अडीअडचणीला’. खाली लिहिले होते, ‘दादा, बरोबर आहे ना?’

एकूण बेरीज फारशी चुकीची नव्हती, हीच तर गंमत. त्याचा तोच प्रवास आम्ही दोघांनी फोनवर दिवसांत मांडला, तेव्हा बेरीज जवळपास तेवढीच आली. पण रूप पार बदलले.

पहिल्या दिवशी साताऱ्याहून पुणे विमानतळापर्यंत गाडी, संध्याकाळचे दिल्लीचे विमान आणि दिल्लीत विमानतळाजवळ मुक्काम, कारण लेहची विमाने मुख्यतः सकाळीच उडतात. दुपारनंतर तिथे वारा सुटतो, आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला भार घेऊन उठणे जड जाते. या दिवसाचे साडेदहा हजार. दुसऱ्या दिवशी लेहला उतरणे आणि झोपणे, बस्स. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे विमानाने थेट उतरलेल्या माणसाने पहिले दोन दिवस काही न करणे हेच काम असते. हॉटेलच्या दोन खोल्या, जेवण, विमानतळावरची टॅक्सी, मिळून आठ हजार. तिसऱ्या दिवशीही तेच, वर बाजारात एक फेरी आणि पर्यटकांना भरावे लागणारे पर्यावरण शुल्क वगैरे. दहा हजार चारशे. चौथ्या दिवशी जवळचेच फिरणे, हॉल ऑफ फेम आणि निम्मूजवळचा सिंधू-झंस्करचा संगम, साडेअकरा हजार.

पाचव्या दिवशी खर्दुंग ला ओलांडून नुब्रा. इथून आकडा उडी मारतो. लेह-नुब्रा-पॅंगाँग-लेह अशा तीन रात्रींच्या फेरीसाठी त्याला गाडीचे तीस हजार सांगितले होते. निम्मे निघताना, निम्मे परतल्यावर. त्यामुळे पाचव्या दिवशी हुंदरच्या मुक्कामासह बावीस हजार. सहाव्या दिवशी नुब्रातच राहायचे, तर फक्त आठ हजार. सातव्या दिवशी श्योक नदीच्या काठाने पॅंगाँग, दहा हजार. आठव्या दिवशी चांग ला ओलांडून लेहला परत आणि गाडीचे उरलेले पैसे, साडेबावीस हजार. नवव्या दिवशी लेहमध्ये काहीही ठरवलेले नाही, थोडी खरेदी, साडेबारा हजार. दहाव्या दिवशी विमाने आणि साताऱ्याची गाडी, सहा हजार.

बेरीज 1,21,400. त्यात मी रोजचे पाचशे ‘किरकोळ’ म्हणून घालायला लावले, चहा, पाण्याच्या बाटल्या, विसरलेले हातमोजे, डोकेदुखीच्या गोळ्या यांच्यासाठी. बरेच लोक हा खर्च अडीअडचणीच्या पैशांतून करतात. ते मला पटत नाही. जो खर्च रोज होणारच आहे, फक्त नेमका कशावर ते माहीत नाही, तो अनपेक्षित नव्हे. तो रोजच्या खर्चातच बसला पाहिजे. तर असे झाले 1,26,400.

आता सरासरीने काय बिघडते ते पाहा. समजा चौथ्या दिवशी रात्री धाकट्याने हिशेब केला आणि तोपर्यंत 48,000 खर्च झाले होते. रोज साडेबारा हजारांच्या हिशेबाने चार दिवसांचे पन्नास हजार होतात. तो म्हणणार, वा, दोन हजार वाचले, उद्या पॅंगाँगला जरा बरा तंबू घेऊ. दिवसवार तक्त्यात मात्र चौथ्या रात्रीपर्यंतची बेरीज किरकोळ धरून 42,400 आहे. म्हणजे तो साडेपाच हजारांनी पुढे गेला आहे आणि त्याला ते कळलेलेच नाही. महागडे दिवस अजून यायचे आहेत, आणि ते असे दिवस आहेत की त्यांत काटछाट करायला जागा नाही. गाडी ठरलेली, मुक्काम ठरलेले. म्हणून त्या तक्त्यात मी रोजच्या आकड्याशेजारी ‘आजपर्यंत’ असा एक रकाना करायला लावला, आणि चौथ्या दिवसाखाली लाल रेघ मारायला सांगितली. हात आवरता येईल अशी ती शेवटची रात्र. त्या रात्री हिशेब पुढे गेलेला असेल तर पॅंगाँगचा तंबू सोडून गावातल्या घरगुती मुक्कामाला फोन करता येतो. सातव्या दिवशी पॅंगाँगच्या काठावर उभे राहून हा शहाणपणा सुचला तर उपयोग नसतो.

तुमचा प्रवास लेहचा नसेल तर लाल रेघ दुसऱ्या दिवशी पडेल. ती शोधायची कशी? तक्त्यात एकेका दिवसापाशी थांबून विचारायचे, यानंतरच्या खर्चातला किती भाग मी अजून बदलू शकतो? जिथे उत्तर एकदम घसरते, तिथे रेघ.

आता गंगाजळीकडे येतो.

दहा टक्के कुठून आले, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. पाच का नाही, पंधरा का नाही? टक्केवारीत दोष असा की ती खर्चाशी जोडलेली असते, आणि संकट खर्चाशी जोडलेले नसते. स्वस्त हॉटेलात उतरलात म्हणून विमान रद्द झाल्यावर कमी पैसे लागत नाहीत. उलट, जो माणूस काटकसर करून बजेट लहान करतो, त्याची दहा टक्के गंगाजळीही लहान होते. म्हणजे ज्याला आधाराची गरज जास्त, त्याच्याकडे आधार कमी. फौजेत राखीव तुकडी किती ठेवायची हे एकूण माणसांच्या टक्क्यांवरून कोणी ठरवू लागला, तर त्याला विचारतील की बाबा, समोर काय काय होऊ शकते याचा विचार केलास का? तोच प्रश्न धाकट्याला विचारला. आम्ही तीन गोष्टी लिहून काढल्या.

पहिली: परतीच्या दिवशी लेहचे विमान हवामानामुळे रद्द. हे तिथे नवलाचे नाही. विमान कंपनी तिकिटाचे पैसे परत देते किंवा पुढच्या विमानात जागा देते. हॉटेल आणि जेवण आपल्या माथी. लेहमध्ये एक जादा रात्र साडेसात हजार, आणि पुढची जोडणी विस्कटल्याने दिल्लीतही एक रात्र पडली तर आणखी सात. साडेचौदा हजार झाले. पण धाकट्याने लेह-दिल्ली आणि दिल्ली-पुणे ही तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळी काढायची ठरवली होती, कारण माणशी काही शे रुपये वाचत होते. अशा वेळी पहिले विमान रद्द झाले तर दुसरी कंपनी म्हणते, आमचे विमान तर वेळेवर गेले, तुम्हीच आला नाहीत. ऐनवेळची चार तिकिटे सात हजारांनी धरली तरी अठ्ठावीस हजार. तीच दोन्ही उड्डाणे एका कंपनीची, एकाच बुकिंगमध्ये घेतली की पुढे पोहोचवण्याची जबाबदारी त्या कंपनीवर येते. त्याने तसे केले. अठ्ठावीस हजारांचा धोका दोन-अडीच हजारांत मिटला. राखीव पैसे बाजूला टाकण्याआधी हे काम करावे: प्रत्येक संकटाकडे पाहून, याचे मोल आधीच कमी करता येते का, हे बघावे.

दुसरी: आजारपण. काकूंमुळे हे लिहिताना धाकट्याचा आवाज खाली गेला. उंचीचा त्रास साधा असेल तर विश्रांती आणि पाणी पुरते. लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात दाखवता येते. पण फुप्फुसात पाणी भरू लागले तर खरा उपाय एकच, खाली उतरणे. आणि लेहहून पटकन खाली उतरायचे म्हणजे मिळेल त्या पहिल्या विमानाने दिल्ली. आजारी माणूस आणि सोबतीला एक, ऐनवेळची दोन तिकिटे पंधरा-पंधरा हजारांनी तीस हजार, तपासण्या आणि औषधांचे तीन. एकूण तेहतीस. हे होण्याची शक्यता कमी करायला आम्ही मार्गही तपासला. हुंदर लेहपेक्षा खाली आहे आणि पॅंगाँग सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, म्हणून आधी नुब्रातल्या दोन रात्री आणि मग पॅंगाँगची एकच, हा क्रम बरोबर होता. काकूंच्या डॉक्टरांना आधी विचारणे हेही आलेच.

तिसरी: रस्ता बंद. दरड, उशिराचा बर्फ, किंवा श्योकच्या बाजूला उन्हाने वितळलेल्या बर्फाचे पाणी दुपारी रस्त्यावर चढणे. त्यात एक जादा मुक्काम सात हजारांचा, आणि गाडी थांबवल्याचे चार-पाच. बारा हजार धरले.

या तिन्हींची बेरीज साठ हजारांच्या घरात जाते. एवढे बाजूला ठेवा असे मी सांगणार नाही. तीनही संकटे एकाच प्रवासात आली तर तो प्रवास तसाही तिथेच संपतो. मी असे करतो: सर्वांत मोठे एक पूर्ण धरायचे, आणि उरलेल्यांतले मोठे एक त्यावर घालायचे. तेहतीस अधिक साडेचौदा, साडेसत्तेचाळीस हजार. धाकट्याच्या साडेबारा हजारांच्या जवळजवळ चौपट. आकडा ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘दादा, एवढे असते तर मी आणखी दोन दिवस राहिलो नसतो का?’

त्याचे उत्तर असे की हे पैसे खर्चासाठी नाहीतच. ते परत आणायचे असतात. आणि ते सगळे रोख लागत नाहीत. इथे एक गोष्ट फार कमी लोक ध्यानात घेतात: संकट जिथे येणार, तिथे चालतील अशा रूपात पैसे हवेत. आजारपणाचे विमान तिकीट लेहमध्ये किंवा फोनवरून कार्डाने काढता येते. त्यासाठी क्रेडिट कार्डाची मर्यादा मोकळी असली की पुरे, फक्त जाण्याआधी त्यावर नवा फ्रीज घेऊ नये. विमान रद्द झाल्यावरचे हॉटेलही तसेच. पण रस्ता बंद होतो तो नुब्रात किंवा श्योकच्या काठी. तिथे नेटवर्क असेल तर असेल. मी तिथे असताना बाहेरून आणलेले प्रीपेड सिम चालत नसे, फक्त पोस्टपेड चाले; ज्यांचे सगळे पैसे फोनमध्ये होते ते लोक लेहच्या विमानतळावरच पाहुणे होऊन बसत. एटीएम दिस्कितला आहे, पण त्याच्या भरवशावर बेत रचू नये, आणि पॅंगाँगच्या काठी तर विचारूच नका. म्हणून साडेसत्तेचाळीसपैकी पंधरा हजार रोख, वेगळ्या पाकिटात, निम्म्या शंभराच्या नोटा. बाकी कार्डावर आणि बचत खात्यात. शिवाय फेरीच्या दिवसांचा नेहमीचा खर्च पंचवीस हजार, तोही रोख. म्हणजे पाचव्या दिवशी सकाळी लेह सोडताना जवळ चाळीस हजार. ते दोघांच्या खिशांत वाटून ठेवायचे.

पाकिटाची किल्ली मी धाकट्याच्या बायकोकडे दिली. ती सातारला शाळेत शिकवते आणि तिला नाही म्हणता येते. नियम एकच लिहून दिला: पाकीट उघडताना घटना सांगायची, इच्छा नाही. रस्ता बंद झाला, ही घटना. पश्मिन्याची शाल छान दिसतेय, ही इच्छा. दुसरे असे की पाकिटातून पैसे निघाले की त्याच रात्री ते परत कुठून भरायचे ते ठरवायचे. राखीव तुकडी एकदा कामाला लावली की नवी उभी करणे हे सेनाधिकाऱ्याचे पहिले काम असते. चौथ्या दिवशी पाकीट रिकामे करून उरलेले सहा दिवस देवाच्या भरवशावर काढणारे पर्यटक मी पाहिले आहेत. देवाच्या नाही, बहुतेक वेळा माझ्या भरवशावर. हेही एकदा सांगून टाकतो: ‘तिथे आपला दादा आहे’ ही गंगाजळी नव्हे. जीवावर बेतले तर फौज धावून येते, कोणासाठीही येते. हॉटेलचे बिल वाढले म्हणून येत नाही.

नववा दिवस राहिला. धाकट्याला तिथे त्सो मोरीरी कोंबायचे होते. मी त्या दिवसासाठी हट्ट धरला, कारण माझ्या मते त्या तक्त्यातला सर्वांत स्वस्त राखीव साठा तोच होता. रिकाम्या दिवसाचे हॉटेल आणि जेवण आधीच हिशेबात असते. काकूंना लेहमध्ये एक दिवस जास्त विश्रांती लागली, तर सगळी फेरी एक दिवस पुढे सरकते आणि नववा दिवस ती पोटात घेतो. रस्ता बंद झाला तरी तेच. म्हणून तो फेरीच्या नंतर हवा, आधी नको. आधी ठेवलेला दिवस नंतरच्या अडचणीला वापरता येत नाही.

झालेही तसेच. काकू ठणठणीत राहिल्या. मुलालाच पहिल्या रात्री डोकेदुखी आणि उलटी झाली, दुसऱ्या दुपारी तो मोमो मागू लागला. चौथ्या रात्री ‘आजपर्यंत’च्या रकान्यात चाळीस हजार नऊशे होते, म्हणजे दीड हजार हाताशी. सातव्या दिवशी सकाळी चालकाने सांगितले की श्योकच्या रस्त्यावर दगड आले आहेत, आज जाणे नाही. त्यांनी हुंदरमध्ये तिसरी रात्र काढली. मुक्काम आणि दुपारचे जेवण सात हजार, गाडी थांबवल्याचे चार, असे अकरा हजार पाकिटातून निघाले, रोख, कारण त्या दिवशी गावात नेटवर्कही नव्हते. पॅंगाँगच्या तंबूवाल्याला चालकाने दुसऱ्या एका गाडीवाल्याकरवी निरोप दिला आणि त्याने रात्र पुढे ढकलली. लेहच्या हॉटेलने न वापरलेल्या रात्रीचे निम्मे पैसे घेतले. तिथली उरलेली निम्मी रात्र आणि त्या दिवसाचे जेवण वाचले, ते मिळून चार हजार सातशे. म्हणजे अकरांपैकी खरा जादा खर्च सहा हजार तीनशे, आणि नववा दिवस संपला.

साडेसत्तेचाळीसपैकी एक्केचाळीस हजार दोनशे साताऱ्याला परत गेले. लेहच्या बाजारात त्यांना शेवटच्या संध्याकाळी तासभर मिळाला. त्यात सुक्या जर्दाळूंची दोन पाकिटे झाली, शाल राहिली. शालीसाठी पाकीट उघडावे असा प्रस्ताव काकूंनी मांडला होता म्हणे. तो फेटाळला गेला, आणि काकू त्याबद्दल मला अजून बोलतात.